मलमलच्या ओढणीला गोंडे: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

भाचीच्या हळदीसाठी मोतिया रंगाची मलमलची ओढणी घेतली आहे. सव्वादोन मीटर लांब, ९२ सेंटिमीटर रुंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर भरली फक्त ११८ ग्रॅम. दोन्ही पदरांना डाळिंबी गोंडे हवेत, असं तिनं सांगितलंय. तयार गोंड्यांची पट्टी बाजारात मिळते, पण ती मशिननं जोडलेली असते, तिची खालची फीत जाड असते आणि इतक्या झिरझिरीत कापडावर ती अंगावर आल्यासारखी दिसते. शिवाय तिच्यातले धागे पहिल्याच धुण्यात सुटायला लागतात, हे दोनदा पाहिलंय. म्हणून हातानेच करायचे ठरवलं.

घरात लोकरीची डाळिंबी गुंडी पडलेली होती. लगेच बसले. ५ सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर ३० वेढे घेतले, वर बांधलं, खाली कापलं, गळ्याला दोरा गुंडाळून गाठ मारली. संध्याकाळपर्यंत बारा झाले. दिसायला गुबगुबीत आणि छान. पण एका पदराला टाचणीनं अडकवून ओढणी दोरीवर टाकली आणि चूक लगेच दिसली. जिथं गोंडा तिथं कापड खाली खेचलेलं आणि दोन गोंड्यांच्या मधे वर उचललेलं, त्यामुळे पदराची सरळ रेघ जाऊन लाटा झाल्या. बाराही गोंडे काट्यावर ठेवले. १९ ग्रॅम! दोन्ही पदरांचे मिळून ३८, म्हणजे ओढणीच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश. जाड खादीच्या शालीला हे चाललं असतं, मलमलला नाही.

उद्यापासून धागा बदलणार. लोकरीचे गोंडे वाया जाणार नाहीत, पोळ्याला गावी पाठवीन, बैलांच्या शिंगांना शोभतील.

६ जानेवारी

रविवार पेठेत जाऊन आले. बोहरी आळीतल्या एका दुकानात कशिद्याचा सुती पीळदार धागा मिळाला, आठ नंबरचा. दहा ग्रॅमची गुंडी, लेबलावर ८० मीटर लिहिलंय. रेशमी धागाही हातात घेऊन पाहिला. चमक सुंदर, पण तो गुळगुळीत असल्यामुळे गळ्याच्या वेढ्यातून एकेक धागा निसटतो आणि गाठही सैल पडते. ज्यांना रेशीमच हवं त्यांनी गळ्याला वेढे झाल्यावर सुई आरपार घालून दोन-तीन टाके मारावेत. मला ओढणी धुवायची आहे, म्हणून सूत.

किती गुंड्या लागतील याचा हिशेब दुकानातच मांडला. पुठ्ठ्याचा एक वेढा म्हणजे दोन्ही बाजू मिळून १० सेंटिमीटर, कडांची जाडी धरून साडेदहा. ३० वेढ्यांना ३ मीटर १५. वरचं बांधायला ४० सेंटिमीटर, गळ्याला ३५. म्हणजे एका गोंड्याला ३ मीटर ९०. दोन्ही पदरांचे २४ गोंडे धरले तर साधारण ९४ मीटर. एका गुंडीत भागत नाही, १४ मीटर कमी पडतात. दोन गुंड्या घेतल्या आणि लेबलावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक दोन्हींवर एकच आहे हे पाहून घेतलं. वेगळ्या घाण्यातला डाळिंबी शेजारी ठेवला की ओळखू येतो, आणि गोंडे तर ओळीनं शेजारीच असतात.

७ जानेवारी

आज एकही गोंडा केला नाही, रंगाचंच काम. हातभर धागा कापून कोमट साबणाच्या पाण्यात पांढऱ्या कापडाच्या तुकड्याबरोबर अर्धा तास ठेवला. तुकडा गुलाबी झाला. मोतिया मलमलवर हा गुलाबी डाग पडला असता तर हळदीच्या दिवशी रडायची वेळ आली असती.

शेजारच्या इमारतीतल्या काकू बरीच वर्षं साड्यांच्या पदरांना गोंडे करून द्यायच्या. त्यांना विचारलं, "काकू, मिठाच्या पाण्यात ठेवू का?" त्या म्हणाल्या, "अगं, मिठानं धागा पक्का होत नाही. वरवरचा रंग असतो तो धुऊन काढ. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा, आणि नाहीच आलं तर तो धागा घेऊच नकोस."

मलाही ते पटलं. सूत रंगवताना घाण्यात मीठ घालतात ते रंग धाग्यात जावा म्हणून. रंगवून झालेल्या धाग्यावर सैल बसलेला रंग मिठानं चिकटत नाही. गुंडी तशीच बुडवली असती तर आतपर्यंत पाणी गेलं नसतं आणि पुढे गुंताही झाला असता. म्हणून खुर्चीच्या पाठीवर धागा मोकळा गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली आणि मग धुतली. घट्ट बांधलं तर त्या जागी साबण पोचत नाही. तिसऱ्या पाण्यापर्यंत गुलाबी येत होतं, पाचवं स्वच्छ आलं. दुसरी लडी चार पाण्यांत निवळली. सावलीत वाळवल्यावर पुन्हा ओली करून पांढऱ्या कापडात गुंडाळून इस्त्री केली, कापड पांढरंच राहिलं. धागा आटायचा तेवढा आत्ताच आटला, हा आणखी एक फायदा.

९ जानेवारी

नमुन्याचे तीन गोंडे केले आणि तिन्ही मोडले. पण काय बिघडतं ते कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यात वरचं बांधणं सैल राहिलं. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला सगळ्या वेढ्यांखालून दोरा घालून गाठ मारायची असते. मी पहिला पीळ एकदाच दिला. दुसरा पीळ देईपर्यंत पहिला ढिला होतो, मग गाठ कितीही आवळली तरी आतले धागे मोकळेच राहतात. काकूंनी एकच गोष्ट सांगितली, "पहिल्यांदा एकाऐवजी दोन वळसे दे." दोन वळशांचा पीळ धाग्यावर धागा घासून जागच्या जागी थांबतो. मग वरून एक साधा पीळ, उलट बाजूनं, म्हणजे निरगाठ बसते. एकाच बाजूनं दोन्ही पीळ घेतले तर ती गाठ सरकते. दोरा दुहेरी घ्यायचा: ४० सेंटिमीटरचा तुकडा दुमडून २० चा.

दुसऱ्यात गळ्याला नुसते चार-पाच वेढे देऊन मागे गाठ मारली होती. गाठीचा फुगवटा दिसत होता आणि बोटानं ढकलल्यावर सगळा गळा खाली सरकला. तिसऱ्यात गळा बरा होता, पण झालरीतला एक धागा चिमटीत धरून ओढल्यावर तो दोन मिलिमीटर बाहेर आला आणि पलीकडचा तेवढाच आखूड झाला. असं होतं कारण झालरीतले दोन धागे म्हणजे डोक्यातून वळून आलेला एकच तुकडा. वरचं बांधणं त्याला फक्त टांगून ठेवतं, सरकण्यापासून अडवत नाही. ते काम गळ्याचं. म्हणून गोंडा पक्का आहे की नाही हे पाहायला डोकं हलवून उपयोग नाही. झालरीतला एकच धागा ओढून पाहायचा. जोडीचा आखूड झाला तर गळा सैल आहे.

एकाच्या डोक्यात पांढऱ्या चिकटगोंदाचा थेंबही टाकून पाहिला. वाळल्यावर डोकं कडक झालं, ते कापडाला खरखरीत लागतं, आणि पाण्यात बुडवल्यावर गोंद मऊ पडला. तो नाद सोडला.

१० जानेवारी

आज गळा जमला. काकूंच्या हातून शिकले, आणि त्यांनीही तो दहा-बारा वर्षांनी केला म्हणे, तरी बोटांना आठवत होता.

गोंडा पुठ्ठ्यावर असतानाच वर बांधून घ्यायचा, मग खालची कड कापून मोकळा करायचा. वर बांधलेल्या दोऱ्याच्या शेंड्या सरळ वर उभ्या ठेवायच्या, त्या गळ्यात येऊ द्यायच्या नाहीत. त्यांना शेवटी कापडाशी जोडायचं आहे. आता गळ्याचा ३५ सेंटिमीटरचा दोरा घ्यायचा. त्याच्या एका टोकाकडे साधारण ३ सेंटिमीटरचा लांबट फास करून तो गोंड्यावर असा ठेवायचा की फासाचं वळण वर डोक्याकडे येईल आणि आखूड शेंडी खाली झालरीत लोंबेल. डोक्यापासून ८ मिलिमीटर खाली, फासाच्या दोन्ही पायांवरून लांब टोकानं वेढे द्यायला सुरुवात करायची. खालून वर जायचं. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, एकमेकांवर चढू न देता. प्रत्येक वेढ्याला ओढून धरायचं, नुसतं गुंडाळायचं नाही. मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं आधीचा वेढा दाबून धरला आणि उजव्यानं दोरा ताठ केला तेव्हा कुठं जमलं. आठ वेढ्यांत चार मिलिमीटरचा पट्टा होतो.

आठवा वेढा झाला की लांब टोक वर दिसणाऱ्या फासाच्या वळणातून ओवायचं. मग खाली झालरीत लोंबणारी आखूड शेंडी हळूहळू ओढायची. फास आत शिरतो आणि जाताना लांब टोकालाही वेढ्यांखाली ओढून नेतो. इथं थांबायचं कुठं हे महत्त्वाचं. दोन धाग्यांची अढी पट्ट्याच्या मध्यावर आली पाहिजे. बोटाला मधे बारीक उंचवटा लागतो, तीच खूण. आणखी ओढलं तर लांब टोक खालून बाहेर येतं आणि सगळे वेढे सुटतात. माझे दोन तसेच सुटले. खालची शेंडी झालरीतच मिसळून जाते. वरचं टोक सुईत ओवून वेढ्यांखालून खाली झालरीत उतरवायचं, कापून टाकायचं नाही.

धागा ओढून पाहिला. हलला नाही. नखानं गळा ढकलला, तोही नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीची गडबड होती, तरी रोज थोडे करत २४ पूर्ण झाले, दोन जास्तीचे केले. एकाला दहा मिनिटं लागतात, पहिल्या पाचांना वीस लागली. बारांचं वजन साडेपाच ग्रॅम. लोकरीच्या १९ च्या जागी! टाचणीनं लावून दोरीवर टाकून पाहिलं, पदर सरळ राहिला आणि तरी छान पडतो. ओढणीला थोडं वजन लागतंच, नाहीतर मलमल वाऱ्यावर उडून खांद्यावरून घसरते. पाच-सहा ग्रॅम त्यासाठी पुरेसे आहेत.

१७ जानेवारी

आता कापडाकडे वळले. दुकानातून आलेल्या ओढणीच्या पदराला पिको केलेलं होतं. पिकोची कड म्हणजे कापडाचा एकच पदर आणि त्यावर बारीक वाकडातिकडा टाका. दिसायला नाजूक, पण त्याला काही टांगायचं म्हटलं तर तिथं धरायला काही नसतं. कापून काढलेल्या तुकड्यावर आधी करून पाहिलं. एक गोंडा पिकोत सरळ टाक्यानं लावला आणि हलकेच ओढला. टाक्याच्या भोवतीचे उभे-आडवे धागे बाजूला सरकले आणि तिथं डोळ्याएवढं भोक पडलं. कापड फाटलं नव्हतं, त्याची वीण उघडली होती. मलमलची वीण विरळ, म्हणून असं होतं. शिफॉन-जॉर्जेटलाही हीच भीती.

माझी आजी बीजेच्या चंद्राला पदराची दशी वाहायची, "जुनं घे, नवं दे" म्हणत. नऊवारीच्या टोकाला ताण्याचे सुटे धागे म्हणजे दशा असायच्याच, त्यांचेच झुबके बांधले की झालं. तिथं गोंडा कापडाचाच भाग असतो, त्याला जोडावं लागत नाही. हातमागाची ओढणी असती आणि दशा बोटभर लांब असत्या तर मीही तेच केलं असतं. पण कापून पिको केलेल्या ओढणीला दशा नाहीत. त्यामुळे गोंड्याला धरायला जागा करावी लागते.

पिको काढून टाकलं. दोन्ही टोकांना ५ मिलिमीटरची दुहेरी दुमड घातली आणि बारीक हातशिलाई केली, म्हणजे कडेला कापडाचे तीन पदर झाले. दुमडीला बोटानं दाबून घडी पाडत गेले, एकदम इस्त्री केली नाही, कारण मलमल गरम झाल्यावर तिरकी ताणली जाते. दोन्ही टोकांना मिळून तीन तास लागले.

१९ जानेवारी

खुणा केल्या. रुंदी ९२. कोपऱ्यापासून दोन-दोन सेंटिमीटर सोडले, राहिले ८८. बारा गोंड्यांमध्ये अकरा अंतरं, म्हणजे प्रत्येकी ८. बरोबर बसलं. कोपऱ्यावरच गोंडा लावायचा नाही हे मुद्दाम ठरवलं. तिथं दुमड आणि कापडाची कड एकावर एक येऊन जाड गोळा होतो, सुई धड शिरत नाही, आणि ओढणी सावरताना हात सगळ्यात जास्त कोपऱ्यालाच जातो. खुणा पेन्सिलनं केल्या नाहीत, पांढऱ्या दोऱ्याचा एकेक सैल टाका घातला, नंतर ओढून काढता येतो.

२० ते २२ जानेवारी

गोंडा कापडाला थेट शिवायचा नाही. आधी कापडावर दोऱ्याची एक छोटी दांडी करायची आणि गोंडा त्या दांडीला लावायचा. पूर्वी बायका पोलक्याच्या आकड्यासाठी दोऱ्याचं घर करायच्या तसंच.

मोतिया रंगाचा शिवणाचा दोरा दुहेरी घेतला आणि मेणावरून एकदा ओढला. गाठ दुमडीच्या आत लपवली. दुमडीच्या खालच्या कडेवर, कडेलाच समांतर, ४ मिलिमीटर लांबीत तीन वेळा ये-जा केली. सुई दर वेळी दुमडीच्या तिन्ही पदरांतून गेली पाहिजे, नुसत्या खालच्या एका पदरातून नको. मग त्या तीन दोऱ्यांवरून काजाचे टाके घेतले, सहा किंवा सात, दाटीनं. कापड टाक्यात घ्यायचं नाही, फक्त दोरे. शेवटी सुई दुमडीच्या बोगद्यात घालून तीन सेंटिमीटर पुढे बाहेर काढली आणि दोरा कापला. आत घातलेली ही लांब शेपटी गाठीपेक्षा भरवशाची.

असं केल्यानं ओढ एका टाक्याच्या भोकावर न येता ४ मिलिमीटर लांबीवर आणि तीन पदरांवर वाटली जाते. एका दांडीला सहा मिनिटं. २४ दांड्यांना अडीच तास म्हणायचे, पण डोळे दुखतात म्हणून तीन दिवसांत केल्या. पाचवी आणि नववी उसवून परत केली, त्या सैल राहून कमानीसारख्या वर आल्या होत्या. सैल दांडीत बांगडी अडकते.

२३ जानेवारी

जोडणी. गोंड्याच्या डोक्यावर उभ्या शेंड्यांचे दोन भाग केले. एक दांडीखालून पुढून मागे नेला, दुसरा मागून पुढे. दांडी आणि डोकं यांच्यामध्ये पेन्सिल आडवी धरली आणि त्यावर पुन्हा दोन वळशांची निरगाठ मारली. पेन्सिल काढली की सात मिलिमीटरचा देठ राहतो, सगळ्यांचा सारखा. देठ ठेवला नाही तर गोंडा पदराच्या कडेला चिकटून आडवा उभा राहतो, लोंबत नाही. फार लांब ठेवला तर शेजारचे गोंडे एकमेकांत पीळ खातात. गाठीनंतर शेंड्या सुईत ओवून डोक्यातून आणि गळ्याच्या आतून खाली झालरीत उतरवल्या. त्यामुळे गाठही डोक्यात ओढली जाऊन दिसेनाशी होते.

परीक्षा म्हणून एका गोंड्याला धरून सगळी ओढणी उचलली. दुमड किंचित टोकदार झाली, सोडल्यावर परत सरळ. भोक नाही. कोपऱ्यालगतच्या दोन्ही गोंड्यांवरही हेच केलं.

२५ जानेवारी

मुद्दाम कापायचं काम मागे ठेवलं होतं. आधी ओढणी हातानं धुतली, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबली. पदरावर रंगाचा मागमूस नाही. वाळल्यावर गोंडे वाकडे आणि टोकं तीनेक मिलिमीटर उलगडलेली दिसली, ते अपेक्षितच होतं. किटलीच्या वाफेवर प्रत्येक गोंडा दोन-तीन सेकंद धरला आणि मोठ्या दातांच्या फणीनं वरून खाली विंचरला. मग ४५ मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी गोंड्याभोवती घट्ट गुंडाळली, वरची कड डोक्याला लावून, आणि खाली जे बाहेर आलं ते कात्रीच्या एकाच चाव्यानं कापलं. सैल धरून कापलं की मधले धागे लांब आणि कडेचे आखूड राहतात. आधी कापून मग धुतलं असतं तर हे सगळं परत करावं लागलं असतं.

१२ फेब्रुवारी

हळद झाली. ओढणीवर हळदीचे डाग पडले, ते पडणारच होते. पण गोंड्यांचं सांगते. भाचीच्या पिशवीच्या चेनमध्ये एक गोंडा सापडला आणि चेन काही केल्या मागे येईना. शेवटी कात्रीनं देठच कापून ओढणी सोडवली. घरी येऊन पाहिलं तर दांडी जशीच्या तशी, काजाचा एकही टाका हललेला नाही, कापडावर सुरकुतीसुद्धा नाही. जास्तीच्या दोनांतला एक काढला, पेन्सिल आडवी धरली आणि पंधरा मिनिटांत बांधला. नवा गोंडा जरा जास्त झळाळतोय, बाकीच्यांनी एक दिवस हळद आणि घाम खाल्लाय. पुढच्या धुण्यात सारखे दिसतील बहुतेक. उरलेला एक गोंडा आणि पाऊण हात धागा पाकिटात घालून भाचीच्या कपाटात ठेवायला दिलाय.